दाराचा दोष नव्हताच, कपाटच वाकडं उभं होतं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी पुण्यात फर्निचर जोडायचं-सोडवायचं काम करतो, बहुतेक ते डब्यात येणारं, कॅम लॉकवालं. पिंपळे सौदागरमधून एका ताईंचा फोन आला की आई नाशिकहून आमच्याकडे राहायला आलीय, तिचं तीन दारांचं कपाट सोबत आणलंय आणि त्याची दारं लागतच नाहीयेत. आधी दोन माणसं येऊन गेली होती. पहिल्यानं बिजागऱ्या टाईट केल्या आणि पैसे घेऊन गेला, दुसरा म्हणाला की भुश्याचं बोर्ड आहे, एकदा खोललं की संपलं, टाकून द्या. काकूंना हे फार लागलं होतं. काका गेल्यापासून ते कपाट त्यांच्या खोलीत होतं, आत काकांच्या हाताने लावलेला पितळी हुक होता, त्यावर ते आपली पिशवी अडकवायचे. त्या मला एवढंच म्हणाल्या, "दादा, होत असेल तर बघा, नसेल होत तर स्पष्ट सांगा, उगाच आशा नको." म्हटलं काकू, आधी बघू तर द्या.

दारं बघितली तर डावं आणि मधलं जिथे भेटतात तिथे वरती सूतभर पायरी दिसत होती, आणि मधोमध दोघं एकमेकांना घासत होती. बिजागरीचे ॲडजस्टचे स्क्रू पार शेवटाला टेकवलेले, म्हणजे ज्याने केलं त्याने दाराला ओढून ओढून लपवायचा प्रयत्न केला होता. पण दार वाकडं नसतं हो, दार ज्या खोक्याला लटकतं ते खोकं वाकडं असतं. मी एक हात वरच्या कोपऱ्यावर ठेवून हलकं ढकललं तर सगळं कपाट बाजूला डुललं आणि आतून कुर्रर्र आवाज आला. तो आवाज ऐकला की मी बिजागरीकडे बघतच नाही.

टेप घेऊन आडवे कर्ण मोजले, म्हणजे डावा वरचा कोपरा ते उजवा खालचा आणि मग उलटं. कपाट चार फूट रुंद, साडेसहा फूट उंच. एक कर्ण आला 2334 मिमी आणि दुसरा 2318. चौकोन काटकोनात असेल तर दोन्ही सारखेच यायला हवेत. इथे सोळाचा फरक, आणि ह्या मापाच्या कपाटाला कर्णातला फरक म्हणजे जवळपास तितकंच वरचं टोक एका बाजूला कललेलं असतं. आता दार 400 मिमी रुंद, ते कललेल्या बाजूला बसवलंय, तर त्याचा मोकळा कोपरा तीनेक मिमी खाली येतो, आणि शेजारचं दार उलट्या बाजूला लटकत असेल तर त्याचा कोपरा तितकाच वर जातो. बिजागऱ्या ओढून लपवलं नसतं तर दोन्ही मिळून जवळपास दोन सूत. हे काकूंच्या मुलीला कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्यांना पटलं की दार सारखं करून काही होणार नाही.

कपाट रिकामं केलं आणि मागून बघितलं. मागचा पातळ बोर्ड, तीन मिमीचा हार्डबोर्ड, चार कोपऱ्यांना चार खिळे एवढंच, बाकी सगळी जुनी भोकं रिकामी. हा मागचा बोर्डच कपाटाला डुलू देत नाही. चार काठ्या चौकोनात बांधल्या तर त्या डुलतात, पण त्यावर पत्रा ठोकला की हलत नाहीत, तसंच आहे हे. पण नुसता हा खिळ्यांचा प्रश्न असता तर तासाभरात काम झालं असतं.

मूव्हर्सवाल्यांनी दिलेली पिशवी कपाटाच्या ड्रॉवरमध्ये होती. तिच्यात खिळे, दोन जास्तीचे बोल्ट, मुठींचे स्क्रू. मी विचारलं, "काकू, लाकडाचे छोटे गोल तुकडे कुठेत?" त्या म्हणाल्या, "ते मूव्हर्सच्या मुलांनी कचऱ्यात टाकले वाटतं, म्हणाले हे जास्तीचे आहेत." तेच ते डॉवेल, आठ मिमी जाड, तीस मिमी लांब. इथे सगळं कोडं सुटलं.

ह्यातला बारकावा सांगतो कारण हा बरेच लोक चुकवतात. कॅम लॉकमध्ये एका फळीत बोल्ट बसतो आणि दुसऱ्या फळीच्या कडेतून तो बोल्ट आत जातो, तिथे पंधरा मिमीच्या गोल खड्ड्यात कॅम असतो, तो फिरवला की बोल्टच्या डोक्याला पकडून ओढतो. पण कडेतलं भोक आठ मिमीचं आणि बोल्टची मान त्यापेक्षा बरीच बारीक, म्हणजे आजूबाजूला मोकळी जागा राहतेच. कॅम फक्त दोन फळ्या एकमेकींकडे खेचून धरतो, वर-खाली सरकू न देणं हे त्याचं काम नाही. ते काम डॉवेलचं. डॉवेल नसले की कपड्यांचं सगळं वजन त्या बोल्टच्या आट्यांवर येतं, मग बोल्ट थोडाथोडा हलतो, आणि भुश्याच्या बोर्डातलं भोक आतून पोखरत जातं. वरून दिसत नाही काहीच.

म्हणून सगळंच खोललं. सोळा कॅम होते. प्रत्येक कॅम आधी उलटा पूर्ण फिरवून, म्हणजे बाण फळीच्या कडेकडे, बोल्टच्या दिशेला आला हे बघूनच फळी ओढली, कारण अर्धवट सैल कॅमवर हातोडी मारली की बोल्ट भोक फाडूनच बाहेर येतो, आणि शिफ्टिंगच्या वेळी नेमकं तेच झालं असणार. कॅम निघाल्यावर बोल्ट एकेक करून बोटांनी फिरवून बघितले. नीट बसलेला बोल्ट बोटांनी हलत नाही. इथे पाच बोल्ट नुसते ओढले की हातात आले, आट्यांमध्ये पिवळा भुसा भरलेला. चार डाव्या बाजूच्या फळीतले आणि एक मधल्या पार्टिशनचा. शिवाय तीन कॅमचे जबडे चिरलेले, ते जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, ड्रिल मशीनने फिरवले की तुटतात.

आता भोक पाच मिमीचं असायला हवं, ते सात-आठ झालंय आणि गोलही राहिलं नाहीय. त्यात काड्या आणि फेविकॉल भरून बोल्ट परत कोंबतात लोक, महिनाभर टिकतं, मग पुन्हा तेच. मी दहा मिमीच्या बिटने भोक मोठं केलं, टोक असलेला लाकडाचा बिट, लोखंडाचा नाही, तो जुन्या भोकात सरकतो आणि मध्य चुकतो. मध्य शोधायला शेजारचं डॉवेलचं भोक वापरलं, ह्या कपाटात बोल्ट आणि डॉवेल बरोबर 32 मिमीवर होते, म्हणून पट्टीने तेवढं मोजून पेन्सिलीने खूण केली. फळी अठरा मिमीची, म्हणून बिटला तेरा मिमीवर टेप गुंडाळली. पाच मिमी राहिले पाहिजेत, नाहीतर बाहेरचं लॅमिनेट फुटून भोक दिसतं आणि मग काकूंना काय तोंड दाखवणार.

भोकातला भुसा फुंकून, ब्रशने साफ करून आत फेविकॉल लावला आणि दहा मिमीच्या डॉवेलचा तुकडा ठोकून बसवला, वरून कापून सपाट केला. पाचही भोकांना असंच. मग कपाट तसंच सोडलं, रात्रभर वाळायला. काकू विचारत होत्या, "आजच नाही होणार का?" मी म्हटलं काकू, ओल्यात बोल्ट घातला तर उद्या हे सगळं परत करावं लागेल. रात्री त्यांचे कपडे सोफ्यावर रचलेले होते, मला वाईट वाटलं पण नाइलाज होता.

डाव्या बाजूच्या तळफळीचा एक कोपरा पाण्याने फुगला होता, नाशिकच्या घरी कूलरचं पाणी सांडायचं म्हणे. फुगलेला भुसा परत आकसत नाही, तिथे आटे धरतच नाहीत. हे मी काकूंना आधीच सांगितलं. तिथे कॅमच्या भरवशावर न राहता तळाखाली एक इंच जाडीची लाकडी पट्टी चिकटवून बाजूच्या फळीला स्क्रूने पकडली, वजन ती घेईल. दिसायला खालून आहे, उघडं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉवेलच्या त्या तुकड्यांच्या मधोमध पाच मिमीची भोकं पाडली आणि बोल्ट हाताने पिळले. पकड आली तो आवाज वेगळा असतो, सुका, आवळल्यासारखा. बोल्टची कॉलर फळीला टेकेपर्यंत पिळायचं आणि थांबायचं, कमी पिळला तर डोकं कॅमच्या पकडीत नीट येत नाही, जास्त पिळला तर आटे पुन्हा तुटतात. डॉवेल नवे आणले, आणि त्यांना फेविकॉल फक्त एका बाजूला, आडव्या फळीच्या कडेला, लावून बसवले. दुसरी बाजू कोरडी ठेवली, म्हणजे उद्या परत कपाट सोडवलं तर डॉवेल फळीतच राहतील आणि कुणी कचऱ्यात टाकणार नाही.

जोडताना फळ्या आधी हातानेच, गरज पडली तर रबरी हातोडीने, पूर्ण मिटवल्या. कॅमने फट ओढून मिटवायची नसते, कॅम फक्त मिटलेलं धरून ठेवतो. मग साध्या स्क्रूड्रायव्हरने, साधारण अर्धा फेरा, जोर वाढत जातो आणि एका जागी घट्ट होतो, तिथे थांबलो. एक कॅम नुसताच गोल फिरत राहिला, म्हणजे डोकं पकडलं नाही, तो बोल्ट बघितला तर अर्धा आटा कमी बसला होता, तो पिळून परत लावला.

सोळाही झाल्यावर कर्ण मोजले तर तीन मिमीचा फरक. कोपऱ्याला हात लावून हलकं ढकललं आणि दोन्ही सारखे आल्यावरच, हेल्परने तसंच धरून ठेवलं असताना, मागचा बोर्ड लावला. जुनी भोकं मोठी झालेली म्हणून इंचभर सरकून, खिळ्याऐवजी छोटे स्क्रू आधी बारीक भोक पाडून, दर हाताच्या वितीवर एक. कपाट उभं केलं, भिंतीला वरून एक पट्टी मारली, बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू मधल्या जागेवर आणले.

दारं आपोआप बसली. वरची रेघ एकदम सरळ, बिजागरीला नंतर फक्त अर्धा फेरा द्यावा लागला. काकूंनी स्वतः जाऊन कोपरा ढकलून बघितला, मी जसा ढकलला होता तसाच, कपाट हललं नाही. मग त्यांनी काकांची ती पिशवी आणली आणि हुकाला अडकवली, आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

निघण्याआधी मी प्रत्येक फळीच्या कडेला आतून पेन्सिलीने आकडे लिहिले, कुठली कुठे येते ते, आणि सहा जास्तीचे डॉवेल, दोन कॅम एका पुडीत घालून मागच्या बाजूला चिकटवले. ताईंनी त्याचा फोटो काढला, कारण भाड्याचं घर आहे आणि अकरा महिन्यांनी करार संपतोय.