एका टिंबासाठी तीन आठवडे

“दोनशे पानांचा प्रबंध तपासायला तीन आठवडे कशाला लागतात हो? ऱ्हस्व-दीर्घच तर बघायचं असतं ना?”

ऱ्हस्व-दीर्घाला सर्वांत कमी वेळ लागतो. मराठी साहित्य महामंडळाच्या चौदा लेखननियमांना शासनाने १९६२ साली मान्यता दिली, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली, आणि हे अठरा नियम रोज वापरणाऱ्याच्या हातात बसलेले असतात. ‘वकील’ दीर्घ, पण ‘वकिलाला’ ऱ्हस्व; ‘शरीर’ मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून ‘शरीराला’ लिहितानाही तो दीर्घच राहतो. अशा दुरुस्त्या करताना पेन्सिल थांबत नाही. ती थांबते, जिथे लिहिलेला शब्दही शुद्ध असतो आणि त्याच्या जागी येऊ शकणारा दुसरा शब्दही तितकाच शुद्ध असतो, तिथे.

मागे शालेय पोषण आहारावरचा एक प्रबंध माझ्याकडे आला होता. त्याच्या चौथ्या प्रकरणात एक वाक्य होते : ‘शिक्षकाच्या मते धान्य वेळेवर येत नाही.’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण संशोधकाने बारा शाळांमधील शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि मागची-पुढची सगळी वाक्ये अनेकवचनी होती, तेव्हा येथे ‘का’वरचे टिंब टंकताना राहिले असावे, अशी शंका घेण्यास जागा होती. टिंब दिले की वाक्याचा अर्थ ‘बहुतेक शिक्षकांनी तक्रार केली’ असा होतो. न दिले तर तक्रार एकट्याची उरते. मी टिंब दिले नाही. समासात प्रश्नचिन्ह काढले आणि शेजारी ‘एक की अनेक? तक्ता पाहावा’ असे लिहिले. संशोधकाने टिपणवही उघडून पाहिली, तर धान्याची तक्रार एकाच शाळेतील एकाच शिक्षकाने केलेली होती. मग ते वाक्य ‘एका शिक्षकाच्या मते’ असे झाले आणि त्यावर उभा केलेला शेवटच्या प्रकरणातील निष्कर्षही त्याला सौम्य करावा लागला. मी सवयीने टिंब देऊन पुढे गेलो असतो, तर वाक्य अधिक सुबक दिसले असते आणि प्रबंधात खोटी माहिती शिरली असती.

आदरार्थी बहुवचनाने हा पेच आणखी वाढतो. ‘मुख्याध्यापकांनी नोंदवही दाखवली’ या वाक्यात मुख्याध्यापक एक आहेत की बारा? नियमाप्रमाणे आदरार्थी रूपावरही अनुस्वार येतोच, त्यामुळे टिंब येथे काहीच सांगत नाही. कथेत असे वाक्य चालून जाते, कारण मुख्याध्यापक कोण हे वाचकाला ठाऊक असते. प्रबंधात मात्र ‘त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी’ किंवा ‘बाराही शाळांच्या मुख्याध्यापकांनी’ असे स्पष्ट करून घ्यावे लागते. त्या प्रबंधात अशी एकतीस वाक्ये निघाली. प्रत्येकासाठी संशोधकाला विचारायचे, उत्तराची वाट पाहायची, आणि ते आले की पुन्हा त्या पानावर जायचे. तुम्ही ज्या तीन आठवड्यांबद्दल विचारता, त्यांतला मोठा भाग या ये-जा करण्यात जातो.

याच प्रबंधात ‘आचार्यांना मिळणारे मानधन’ असा एक मथळा होता. स्वयंपाक करणारा तो आचारी, त्याचे अनेकवचनी रूप ‘आचाऱ्यांना’. ‘आचार्यांना’ म्हटले की थेट आश्रमातले गुरुजन उभे राहतात. रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांत मराठी माणूस बोलताना कधी गोंधळत नाही, पण टंकताना हमखास गोंधळतो, कारण ‘ऱ’ वेगळ्या कळीवर असतो : इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्टसह j दाबल्यावर येतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचीही तीच कथा. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली येथे लाल रेघ ओढत नाही, कारण तिच्या शब्दसंग्रहात दोन्ही शब्द असतात. (परीक्षकांनी तो मथळा वाचला असता तर तोंडी परीक्षेचा आरंभ हसण्याने झाला असता, हे मी संशोधकाला सांगितले नाही, त्याला आधीच पुरेशी धास्ती होती.)

खरा खोळंबा मात्र झाला तो त्याच्या उत्साहामुळे. पहिल्या प्रकरणाचे प्रूफ परत देताना मी ‘हि योजना’, ‘हि बाब’ अशा ठिकाणी ‘ही’ दीर्घ करून दिले होते. उरलेल्या प्रकरणांत माझा वेळ वाचावा म्हणून त्याने संगणकावर ‘हि’ शोधून सर्वत्र ‘ही’ घालण्याची आज्ञा दिली. संगणक शब्द पाहत नाही, अक्षरे पाहतो. एका क्षणात ‘माहिती’ची ‘माहीती’ झाली, ‘महिना’चा ‘महीना’, ‘पहिली’ची ‘पहीली’ आणि ‘हिशेब’चा ‘हीशेब’. घाबरून त्याने उलटी आज्ञा दिली, तेव्हा जी रूपे मुळात बरोबर होती तीही बिघडली : ‘नाही’ ‘नाहि’ झाले, ‘काही’ ‘काहि’ झाले. अशी फाइल दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. आदल्या दिवशीची प्रत शोधावी आणि तिच्यावर नव्याने काम करावे. आम्ही तेच केले, आणि त्यात दोन दिवस गेले. सरसकट बदल करायचाच असेल तर शब्दाच्या आधी आणि नंतर मोकळी जागा धरून तो शोधावा आणि प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी पाहून मगच बदलावे.

म्हणून मी पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता करतो आणि शेजारच्या कागदावर शब्दांची यादी करतो : ‘पोषण आहार’ की ‘पोषणआहार’, ‘टक्केवारी’ अंकात की अक्षरात, ‘मध्यान्ह’ की ‘माध्यान्ह’. प्रत्येक नोंदीपुढे ठरलेले रूप आणि पान क्रमांक असतो. दुसऱ्या वाचनात दुरुस्त्या होतात. तिसरे वाचन दुरुस्त्या लागल्यानंतरचे, कारण एक शब्द बदलताना शेजारचा पुसला जाणे ही रोजची गोष्ट आहे. या वाचनात मी जुने आणि नवे पान समोरासमोर ठेवतो, आणि वाक्याच्या अर्थात गुंतायला होऊ नये म्हणून पान खालून वर तपासतो.

काही ठिकाणी मात्र हात आवरावा लागतो. परिशिष्टात एका आईचे बोलणे दिले होते : ‘भात बरा असतोय, पन डाळ लई पातळ असती.’ शेवटच्या प्रुफात हा ‘पन’ संशोधकानेच ‘पण’ केला होता. माझ्या नजरेतून सुटला असावा, असे त्याला वाटले. मी त्याला ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकायला सांगितले. संध्याकाळी त्याचा फोन आला, “सर, त्या ‘पन’च म्हणाल्या आहेत,” आणि मी ‘ण’ खोडून पुन्हा ‘न’ केला.