फंक्शन जनरेटरची नोंद: बफरचं रिंगिंग आणि ४७ ओहम

जनरेटरचा आउटपुट बफर मागच्या टप्प्यात लावून झाला होता. टीएल०७२ चा अर्धा भाग, व्होल्टेज फॉलोअर, प्लस-मायनस १२ व्होल्टवर. रिकाम्या आउटपुटला चौकोनी लाट अगदी देखणी येते. मग दोन मीटर आरजी-५८ केबल जोडून दुसऱ्या टोकाला डेटा लॉगर लावला आणि लाटेच्या प्रत्येक कडेला रिंगिंगची शेपटी फुटली. लॉगरच्या इनपुटवर रेडिओचा त्रास गाळायला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर सरळ ग्राउंडला टाकलेला आहे. केबलचे मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरले तरी दोन मीटरचे होतात २००. म्हणजे इथे केबल निर्दोष आहे, सगळा भार त्या दहा नॅनोचा.

केबल काढली, बुधवार पेठेतून आणलेल्या हिरव्या पॉलिएस्टर कपॅसिटरांपैकी '१०३' छापलेला एक थेट आयसीच्या पिनपाशी लावला. शेपटी तशीच. हा प्रयोग आधी करून घ्यावा, कारण बऱ्याच जणांचा पहिला संशय केबलमधल्या परावर्तनावर जातो. दोन मीटरच्या केबलमध्ये सिग्नल जाऊन परत यायला जेमतेम २० नॅनोसेकंद लागतात. माझ्या शेपटीतल्या लाटांमधलं अंतर होतं जवळजवळ १.६ मायक्रोसेकंद. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

दुसरा संशय स्वतःच्या प्रोबवर घ्यायचा. मगरचिमट्याची लांब ग्राउंड वायर असली की प्रोब स्वतःच रिंग करतो, पण ते कित्येक मेगाहर्ट्झला, दाट केसांसारखं दिसतं. इथे मोजलेली फ्रिक्वेन्सी होती सहाशे किलोहर्ट्झच्या आसपास. खात्रीसाठी प्रोबची ग्राउंड स्प्रिंग लावून बघितलं, काहीच फरक नाही. प्रोब दहापटीवरच ठेवा. एकपटीवर प्रोब आणि त्याची वायर मिळून स्वतःच शंभर पिकोफॅरडच्या घरात भार घालतात, म्हणजे जे मोजायचं तेच बदलतं.

चाचणीला मी लहान पायरी वापरली, १०० मिलिव्होल्टची, २० किलोहर्ट्झला. यामागे कारण आहे. पाच व्होल्टची पायरी दिली तर ऑप-अँपचा करंट कमी पडतो. २० मिलिअँपिअर धरले तर १० नॅनोफॅरडला मायक्रोसेकंदाला दोनच व्होल्ट चढवता येतात. रिकामा असताना हाच टीएल०७२ तेरा चढवतो. अशा ओढाताणीत कड तिरकी होते आणि खरं रिंगिंग त्यात झाकलं जातं. फीडबॅकची तब्येत लहान पायरीवरच कळते.

लहान पायरीवर चित्र स्पष्ट होतं. १०० वर थांबायचं सोडून लाट १७५ मिलिव्होल्टपर्यंत उडाली, मग खाली, मग पुन्हा वर, आणि प्रत्येक शिखर आधीच्याच्या निम्मं. पाच-सहा लाटांनंतर शांत.

आता हे का होतं? डेटाशीटमध्ये ऑप-अँपचा आउटपुट आदर्श मानायची आपल्याला सवय असते, पण फीडबॅकचा पडदा बाजूला केला तर टीएल०७२ च्या आउटपुटमध्ये साधारण १२५ ओहमचा अडथळा बसलेला आहे. तो आणि बाहेरचे १० नॅनोफॅरड मिळून एक आरसी तयार होतो, आणि हा आरसी फीडबॅकच्या वाटेतच येतो. त्याचा कोपरा fp कुठे पडतो ते काढू, सोबत टीएल०७२ चा गेन-बँडविड्थ गुणाकार GBW:

```
fp = 1/(2π·125·10n) ≈ 127 kHz
GBW = 3 MHz
```

ऑप-अँपमध्ये मुळात एक मुख्य कोपरा असतोच, तो ९० अंश उशीर आधीच खाऊन बसलेला असतो. लूप गेन एकावर येतो तो साधारण ६१० किलोहर्ट्झला, आणि तिथपर्यंत हा नवा आरसी आणखी ७८ अंश खातो. १८० पैकी उरतात १२. हेच फेज मार्जिन. बारा अंशांवर लूप ऑसिलेटर होत नाही, पण झालाच असता इतक्या कडेला उभा असतो. गणितात ओव्हरशूट ७२ टक्के येतो. स्कोपवर ७५ दिसला, कारण आयसीचे आतले छोटे उशीर मी धरले नव्हते. इतकं जुळल्यावर १२५ ओहमचा अंदाज ठीक आहे असं मानून पुढे गेलो.

एक झटपट तपासणीही करून बघा. कपॅसिटर चौपट केला की रिंगिंगची फ्रिक्वेन्सी साधारण निम्मी होते, कारण ती कपॅसिटरच्या वर्गमुळाने उतरते. १० च्या जागी ४७ नॅनो लावला तेव्हा लाटा दुपटीहून थोड्या जास्त लांबल्या. असं वागलं की दोष कपॅसिटिव्ह भाराचाच आहे, सप्लायच्या डिकपलिंगचा नाही. (१०० नॅनो सप्लाय पिनांना लागून हवेतच. ते नसतील तर आधी ते लावा, मग पुढचं वाचा.)

उपाय सर्वांना माहीत आहे: आउटपुट पिन आणि भार यांच्यामध्ये एक छोटा रेझिस्टर. पण तो काम कसा करतो हे नीट पाहिलं की किंमत निवडणं सोपं जातं. फीडबॅकची वायर पिनवरूनच घ्यायची, रेझिस्टरच्या आधी. जास्त फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर जवळजवळ शॉर्ट होतो. तेव्हा पिनला काय दिसतं? आतले १२५ आणि बाहेरचे ४७, म्हणजे साधा डिव्हायडर. डिव्हायडर सिग्नल लहान करतो, पण मागे पाडत नाही. कपॅसिटरने खाल्लेले अंश तो परत देतो. ही परतफेड सुरू होते 1/(2πRC) या फ्रिक्वेन्सीपासून, आणि ती लूप गेन एकावर येतो त्याच्या आधीच सुरू व्हायला हवी.

ब्रेडबोर्डवर चार किमती बदलून बघितल्या. १० ओहमला परतफेड सुरू होते १.६ मेगाहर्ट्झला, फारच उशिरा. मार्जिन १२ वरून ३२ च्या आसपास जातं आणि स्कोपवर अजून तीन-चार लाटा मोजता येतात. २२ ला मार्जिन पन्नास-बावन्न. पिनवर एक उंचवटा आणि त्याच्या मागे एक छोटी दरी राहते. ४७ ला ७५ अंश, लाट सरळ बसते. १०० ला ८६. तिथे आणखी सुधारणा दिसेनाशी होते आणि फक्त वेग जातो.

इथे एक फसवी जागा आहे. प्रोब भाराच्या बाजूला लावला तर रेझिस्टर आणि कपॅसिटर मिळून लाट गुळगुळीत करून दाखवतात आणि सगळं छान वाटतं. मागे पिनवर मात्र ऑप-अँप थरथरत असू शकतो. म्हणून प्रोब पिनवर, रेझिस्टरच्या आधी. २२ ओहमचा तो उंचवटा मला पिनवरच स्पष्ट दिसला. भाराकडून पाहिलं असतं तर २२ मीच पास केला असता.

मला खरं अडवलं ते पुढच्या प्रश्नाने. हा जनरेटर आहे. त्याला कोण काय जोडेल याचा नेम नाही. १० नॅनोला ४७ चालला, तर १ नॅनोला चालेल का? सहज वाटतं की मोठ्या भाराला तोंड दिलं म्हणजे छोट्याला देणारच. तसं होत नाही. ४७ ओहम आणि १ नॅनो यांची परतफेड ३.४ मेगाहर्ट्झला सुरू होते, आणि लूप तर १.६४ ला एकावर आलेला असतो. म्हणजे रेझिस्टरची मदत अर्धवटच पोचते. कागदावर मार्जिन ५५ अंश. २.२ नॅनोला ५७. १० नॅनोला, वर पाहिलं तसं, ७५. त्याही पुढे १०० नॅनोला तर ९० च्या जवळ. आणि दुसऱ्या बाजूला, नुसत्या केबलच्या २०० पिकोला कपॅसिटर इतका लहान की तो लूपला फारसा त्रासच देत नाही.

म्हणजे रेझिस्टर बसवल्यावर सर्वांत वाईट भार मध्ये कुठेतरी असतो, या सर्किटमध्ये एक ते दोन नॅनोच्या आसपास. त्यामुळे किंमत नक्की करताना ड्रॉवरमधला सर्वांत मोठा कपॅसिटर लावून समाधान मानू नये, मधले चार-पाच लावून बघावेत. ४७० पिको, १ नॅनो, २.२ आणि ४.७ लावून पाहिले. १ नॅनोवर पिनला एकच ठळक उडी, बाकीच्यांवर त्याहून कमी. ५५ अंश मला पुरतात. ज्यांना पुरत नसतील त्यांनी १०० लावावा.

किंमत काय मोजली? १० नॅनोसोबत ४७ ओहम म्हणजे ३४० किलोहर्ट्झचा फिल्टर. माझा जनरेटर १०० किलोहर्ट्झच्या वर जात नाही, साइनला अडचण नाही. शंभर किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेचे कोपरे गोल होतात, ते होऊ दे. डीसीचा प्रश्न भारावर अवलंबून आहे. लॉगर एक मेगओहमचा आहे, तिथे ४७ ओहममुळे पडणारा व्होल्टेज मोजण्याजोगा नाही. पण कुणी दहा किलोओहमचा भार लावला तर जवळपास अर्धा टक्का कमी मिळेल.

त्यासाठी दुहेरी फीडबॅकची रचनाही जुळवून बघितली. डीसीचा फीडबॅक ४७ च्या पलीकडून, १० किलोओहममधून इन्व्हर्टिंग पिनला. जास्त फ्रिक्वेन्सीचा फीडबॅक पिनवरूनच, ३३० पिकोफॅरडमधून. ३३० आले ते असे: ४७ ओहम गुणिले १० नॅनो होतात ०.४७ मायक्रोसेकंद, आणि १० किलो गुणिले ३३० पिको होतात ३.३, म्हणजे सातपट. सहा ते दहापट ठेवली तर दोन वाटा एकमेकींशी भांडत नाहीत. दहा किलोच्या भाराला अर्ध्या टक्क्याचा तुटवडा भरून निघाला. पण लाट शेवटच्या थोड्या मिलिव्होल्टांवर बसायला वेळ घेते, आणि ३३० चा हिशेब १० नॅनोच्या भाराशी बांधलेला आहे. भार अनोळखी असेल तर मला हे पटत नाही. ठरलेल्या भारासाठी, म्हणजे एडीसीचा रेफरन्स वगैरे, जरूर करा.

म्हणून जनरेटरवर साधा ४७ च राहिला. बोर्डवर तो आयसीच्या आउटपुट पिनला अगदी चिकटून सोल्डर केला आहे. बीएनसी सॉकेटजवळ बसवला असता तर मधला ट्रॅक आणि आतली शील्ड वायर थेट पिनवर लटकली असती. फीडबॅकचा ट्रॅक पिन १ वरून सरळ पिन २ ला, रेझिस्टरच्या आतल्या बाजूने. पुढच्या बोर्डवर १० किलो आणि ३३० पिको यांच्याही जागा ठेवल्या आहेत, सध्या १० किलोच्या जागी जंपर पिनच्या बाजूला आणि कपॅसिटर रिकामा.