इंटरनेट फास्ट, तरी ऑफिसचा शेअर्ड ड्राइव्ह रांगतोच

दूरच्या ऑफिससाठी घरून काम करणाऱ्या प्रत्येकाची एक तक्रार ठरलेली असते. घरचं इंटरनेट १०० एमबीपीएस, व्हिडिओ कॉल सुरळीत, पण व्हीपीएन जोडून ऑफिसचा Z: ड्राइव्ह उघडला की फोल्डरच्या वरची हिरवी पट्टी सरकता सरकत नाही. मग माणूस इंटरनेट कंपनीला फोन करून प्लॅन वाढवतो. पैसे जातात, पट्टी तशीच राहते. कारण दुखणं बहुतेक वेळा वेगाचं नसतं, अंतराचं असतं.

विंडोजचा शेअर्ड ड्राइव्ह एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलवर चालतो. एकाच इमारतीतल्या नेटवर्कवर तो उत्तम चालतो, पण त्याचा स्वभाव बडबड्या आहे. एक फाइल वाचायची म्हणजे आधी ‘उघड’, मग ‘तिची माहिती दे’, मग ‘मजकूर दे’ आणि शेवटी ‘बंद कर’. एसएमबीच्या नव्या आवृत्तीत यातल्या काही विनंत्या एकत्र पाठवता येतात, पण पुढची विनंती आधीच्या उत्तरावर अवलंबून असेल तर थांबण्याशिवाय इलाज नाही. दुसऱ्या गावच्या ऑफिसातून सहाशे कागद आणायचे आणि शिपायाने प्रत्येक खेपेला एकच कागद आणायचा, असा हा कारभार. रस्ता कितीही रुंद केला तरी खेपा कमी होत नाहीत.

आकडे मांडून बघा. एका प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ६०० छोट्या फाइल्स आहेत, प्रत्येकी साधारण ४० केबीच्या. सगळं मिळून २४ एमबी. १०० एमबीपीएसच्या लाइनवर एवढा मजकूर दोन सेकंदांत यायला हवा. आता सर्व्हरला पिंग केल्यावर उत्तर १८० मिलिसेकंदांनी येतं असं धरू. एका खंडातून दुसऱ्या खंडात हे सर्रास दिसतं. प्रत्येक फाइलला चार खेपा म्हणजे ०.७२ सेकंद. ६०० फाइल्सना ४३२ सेकंद, म्हणजे सात मिनिटांच्या वर. ऑफिसात बसलेल्या माणसाला हेच पिंग अर्धा मिलिसेकंद मिळतं, म्हणून त्याचं काम सव्वा सेकंदात होतं आणि तो आपल्याला म्हणतो, ‘माझ्याकडे तर मस्त चालतंय!’ त्याचंही खरंच असतं.

कॉपी न करता नुसतं फोल्डर उघडलं तरी हाच खेळ चालतो. फोटोंची छोटी चित्रं दाखवायची म्हणून फाइल एक्सप्लोरर प्रत्येक फाइल थोडी थोडी वाचतो. व्ह्यूमध्ये जाऊन ‘डीटेल्स’ निवडलं की यातलं बरंच थांबतं. फुकटचा उपाय आहे, आधी तोच करा.

आपलं दुखणं हेच आहे का, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. शेअरवरून एकच मोठी फाइल, समजा २०० एमबीची, उतरवून बघा. मग तेवढ्याच आकाराचं, पण शेकडो फाइल्सचं फोल्डर उतरवा. मोठी फाइल बऱ्या वेगाने आली आणि फोल्डर रखडलं, तर दोष खेपांचा. मोठी फाइलही रडत रडत आली, तर गडबड व्हीपीएनच्या बोगद्यातच आहे, म्हणजे तुमच्यापासून ऑफिसपर्यंतच्या जोडणीतच. अशा वेळी आयटीवाल्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, व्हीपीएन टीसीपीवर चालतोय की यूडीपीवर? एसएमबी स्वतः टीसीपीवर चालतो. तो टीसीपीच्याच बोगद्यात घातला आणि वाटेत पॅकेट हरवलं, तर दोन्ही थर आपापल्या परीने ते पुन्हा पाठवायला बघतात आणि वेग कोसळतो. यूडीपी हरवलेलं पॅकेट स्वतः पुन्हा पाठवत नाही, म्हणून तो चालत असेल तर तोच घ्यावा. दुसरी, आपण जोडले जातो ते व्हीपीएनचं गेटवे नेमकं कुठे आहे? फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. सर्व्हर ८,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८० मिलिसेकंद लागणारच, ते कोणाच्या बापाला चुकत नाही. केबल सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात दीडशे-पावणेदोनशे दिसले तरी समजू शकतो. तीनशे दिसत असतील, तर आपला ट्रॅफिक तिसऱ्याच देशातून वळसा घालतोय का, हे विचारायला हरकत नाही.

खेपांचं दुखणं असेल तर इलाज दोनच: खेपा कमी करा, नाहीतर एका वेळी अनेक शिपाई पाठवा. दुसऱ्यासाठी विंडोजमध्येच `robocopy` आहे:

```
robocopy \\server\share\project D:\project /E /MT:16 /R:2 /W:5
```

`/MT:16` म्हणजे एका वेळी १६ फाइल्स. वरच्या हिशेबातले ४३२ सेकंद कागदावर २७ वर येतात. प्रत्यक्षात थोडे जास्त लागतील, पण सात मिनिटं नक्की नाहीत. `/R` आणि `/W` विसरू नका. ते दिले नाहीत तर अडलेल्या एका फाइलसाठी हा गडी ३० सेकंद थांबून दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतो. काही जण सवयीने `/Z` लावतात. तुटलेली कॉपी मधूनच पुढे सुरू करायला ते बरं, पण त्याने वेग कमी होतो, म्हणून छोट्या फाइल्सना नकोच.

खेपा कमी करायच्या तर झिप करावं. पण इथे एक मेख आहे. आपल्या लॅपटॉपवरून शेअरमधल्या फोल्डरवर राइट-क्लिक करून झिप केलं, तर ते काम आपलाच लॅपटॉप करतो. म्हणजे सगळ्या फाइल्स आधी बोगद्यातून इकडे येतात आणि झिप पुन्हा तिकडे जाते. दुप्पट फेरा! झिप तिकडच्याच मशीनवर व्हायला हवी. रिमोट डेस्कटॉपने तिथे शिरून किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला सांगून. परत पाठवतानाही तसंच, झिप वर चढवायची आणि तिकडेच उघडायची.

आणि रिमोट डेस्कटॉप मिळतच असेल तर, माझं स्पष्ट मत आहे, मोठ्या एक्सेल आणि ड्रॉइंगचं काम तिथेच करावं. मग बोगद्यातून फक्त पडद्यावरचं चित्र आणि माऊस-कीबोर्डच्या हालचाली जातात, फाइल सर्व्हरच्या शेजारीच राहते. कर्सर थोडा मागे राहतो, टाइप करताना ते जाणवतं, पण सेव्ह चटकन होतं. शेअरवरच्या एक्सेलमध्ये थेट सेव्ह केलं की आधी तात्पुरती फाइल लिहिली जाते, मग नावांची अदलाबदल होते, मग जुनी फाइल पुसली जाते. या प्रत्येक पायरीच्या खेपा मोजा म्हणजे पडदा का गोठतो ते कळेल.

फाइल इकडे कॉपी करून काम करायचं आणि संध्याकाळी परत टाकायची, ही पद्धतही चालते, पण तुम्ही एकटेच त्या फाइलवर असाल तरच. शेअरवर उघडलेली फाइल दुसऱ्यासाठी लॉक होते. कॉपीला ते कुलूप नसतं. तिकडे कोणी दुपारी बदल केले असतील तर तुमची संध्याकाळची कॉपी ते पुसून टाकेल.

ॲक्सेसचा डेटाबेस शेअरवर असेल तर मात्र व्हीपीएनवरून थेट उघडूच नका. तो हळू तर चालतोच, शिवाय लिहिता लिहिता जोडणी तुटली तर फाइलच बिघडू शकते, आणि मग ती सगळ्या ऑफिससाठी बंद पडते.