शिफारसपत्राला नकार : दोन दिवसांच्या आत, चार परिच्छेदांत

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. रात्र.

अंतिम वर्षाच्या एका मुलाचा मेल आला आहे. अमेरिकेत एमएससाठी अर्ज करतोय, तीन शिफारसपत्रं लागतात, दोघांनी होकार दिलाय, तिसरं पत्र मी द्यावं अशी विनंती. पहिल्या विद्यापीठाची मुदत १५ डिसेंबर. तिसऱ्या वर्षाला एक सेमिस्टर डेटाबेसचा विषय मी त्याच्या वर्गाला शिकवला, सत्तरेक मुलं होती. प्रॅक्टिकलची त्याची बॅच दुसऱ्या सरांकडे होती. चेहरा आठवतो, पहिल्या बाकांवर बसायचा, मार्क चांगले आहेत. आमची ओळख इतकीच.

हा हंगामच या मेल्सचा आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला असतात, त्यामुळे दिवाळी संपली की मुलं पत्रांच्या मागे लागतात. विनंती आली की उत्तर लिहिण्याआधी दहा मिनिटं स्वतःचे कागद चाळावेत: टर्मवर्कची गुणपत्रिका, सेमिनारची यादी, मिनी प्रोजेक्टचे गट. कधी कधी नाव विसरलेलं असतं आणि त्या मुलाने सेमिनार मात्र उत्तम दिलेला असतो. मग एकच गोष्ट तपासायची. या मुलाने केलेल्या कामाचे दोन प्रसंग, गुणपत्रिका न उघडता, तपशिलासह सांगता येतात का? कुठली अडचण आली, त्याने काय केलं, शेवटी काय निघालं, असे. दोन आले तर पत्र होऊ शकतं. एकच असेल तर त्याच्याशी अर्धा तास बोलून बघावं. एकही नसेल तर पत्र नाही. या मुलाच्या बाबतीत एकही नाही.

‘दोन ओळी लिहून द्यायला काय जातं?’ असं स्टाफरूममध्ये सर्रास म्हटलं जातं. त्या दोन ओळी कुठे जातात ते बघितलं की कळतं. मुलगा अर्जात शिक्षकाचा मेल आयडी भरतो आणि विद्यापीठाकडून शिक्षकाला एक लिंक येते. लिंकवर आधी फॉर्म असतो: अर्जदाराला किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने ओळखता. बऱ्याच ठिकाणी त्याखाली एक तक्ताही असतो. बुद्धिमत्ता, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता, लेखन, चिकाटी, इतरांबरोबर जुळवून घेणं, अशा प्रत्येक गुणासमोर खूण करायची की हा मुलगा तुम्ही शिकवलेल्यांपैकी वरच्या ५ टक्क्यांत बसतो, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत की त्याखाली. शेवटचा रकाना ‘सांगण्यास आधार नाही’ असा. प्रामाणिकपणे भरायचं तर या मुलाच्या तक्त्यात पाचापैकी चार खुणा त्या शेवटच्या रकान्यात पडतील. त्यानंतर पत्राची पीडीएफ जोडायची. तीत लिहिण्यासारखं असेल ते एवढंच, की वर्गात नियमित होता आणि परीक्षेत चांगले गुण मिळवले. गुण तर ट्रान्सक्रिप्टवर असतातच.

पत्र वाचणाऱ्यासमोर त्याच वेळी बाकीची दोन पत्रंही असतात. प्रोजेक्ट गाइडचं दीड पानाचं, नावं, आकडे, प्रसंग असलेलं पत्र आणि त्याशेजारी हे सहा ओळींचं. ‘चांगलं ओळखणारा तिसरा माणूस याला मिळाला नाही’ असाच त्याचा अर्थ निघतो. पीएचडीच्या अर्जात तर अशा पत्राला जवळजवळ वजनच नसतं. एमएसच्या अर्जात ते काही ठिकाणी खपून जातं, पण तिसऱ्या पत्राची जागा वाया गेली ती गेलीच.

आणि हे त्या मुलाला कधीच कळणार नाही. अमेरिकेतल्या १९७४च्या एका कायद्याने तिथे प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक नोंद बघण्याचा हक्क आहे. पण अर्ज भरताना शिफारसपत्रं बघण्याचा हक्क सोडतो का, असं विचारतात आणि बहुतेक मुलं सोडतात, कारण हक्क राखून ठेवला तर वाचणाऱ्याला पत्र तितकं मोकळं वाटत नाही. म्हणजे आत्ता संकोचापोटी दिलेला होकार बंद पाकिटात जाऊन त्याचं नुकसान करणार आणि तो मात्र आभार मानणार. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. नकार निदान त्याच्या हातात पडतो, त्यावर त्याला काही करता येतं.

उत्तर असं लिहिलं:

‘नमस्कार. तुझा मेल मिळाला. एमएससाठी अर्ज करतो आहेस हे वाचून आनंद झाला.

तुझं शिफारसपत्र मला देता येणार नाही. मी तुला एक सेमिस्टर वर्गात शिकवलं, पण तुझं प्रॅक्टिकल किंवा प्रोजेक्ट माझ्याकडे नव्हता. या पत्रात तुझ्या स्वतंत्र कामाबद्दल उदाहरणं देऊन लिहावं लागतं आणि तशी उदाहरणं माझ्याकडे नाहीत. गुणांपलीकडे मला काही लिहिता येणार नाही, आणि तेवढ्याने तुझ्या अर्जाला मदत होणार नाही.

प्रोजेक्टच्या गाइडना अजून विचारलं नसशील तर आधी त्यांना विचार. इंटर्नशिप केली असेल तर तिथे ज्यांच्या हाताखाली काम केलंस त्यांना विचार. डेटाबेसचं प्रॅक्टिकल ज्या सरांकडे होतं त्यांनी तुझं काम दर आठवड्याला पाहिलं आहे, त्यांनाही विचारता येईल. विचारताना विद्यापीठांची नावं आणि मुदती एका कागदावर, तुझा बायोडेटा, आणि त्यांच्याकडे केलेल्या कामाचा रिपोर्ट सोबत दे.

अर्जात माझं नाव आधीच भरलं असशील तर आजच बदल. अर्जासाठी मनापासून शुभेच्छा.’

नकार दुसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात आहे, मुद्दामच. आपल्याकडे नकार शेवटी आणि तोही आडून देण्याची सवय आहे: ‘बघू’, ‘सध्या जरा गडबड आहे’, ‘आठवण कर’. मुलं ‘आठवण कर’ हा होकार धरतात आणि खरोखरच दर चार दिवसांनी आठवण करतात. वेळ नसल्याचं कारण तर देऊच नये. ते दिलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘मॅडम, मीच ड्राफ्ट लिहून आणतो, तुम्ही फक्त सही करा’, आणि त्यावर बोलायला जागा राहत नाही, कारण त्याने आपली अडचण सोडवलेली असते. माहिती नसल्याचं कारण खरं असतं आणि त्याला तोडगा नसतो.

‘देईन, पण पत्र फार जोरदार नसेल’ हे वाक्य परदेशात शिकून आलेले काही सहकारी वापरतात. तिकडे त्यावरून विद्यार्थी काय समजायचं ते समजतो. आपल्याकडचा मुलगा ‘चालेल मॅडम, काही हरकत नाही’ म्हणतो, कारण त्याच्या डोक्यात तीनाचा आकडा पुरा करायचा असतो. इथे ते वाक्य उपयोगाचं नाही.

त्याच्या लायकीबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. ‘तू हुशार आहेसच’ लिहिलं तर तो विचारणार, मग तेच का नाही लिहीत? आणि ‘तुझी प्रोफाइल जरा कमी पडते’ असं लिहायला आपण त्याची प्रोफाइल नीट पाहिलेली नसते. आपण त्याला किती ओळखतो, एवढ्यापुरतंच बोलायचं.

नावं सुचवणारा परिच्छेद सगळ्यात मोठा झाला, तो तसाच राहू दिला. प्रॅक्टिकलच्या सरांचा विचार मुलं सहसा करत नाहीत. त्यांना वाटतं की पत्र एचओडींचं किंवा प्राचार्यांचं असलं तर वजन पडतं. पण प्रॅक्टिकल घेणाऱ्याकडे वीसेक मुलांची बॅच असते, जर्नल दर आठवड्याला तपासलेलं असतं, ओरलही त्यानेच घेतलेली असते. कोणाचा प्रोग्रॅम चालत नव्हता आणि तो का चालत नव्हता हे कोणी शोधून काढलं, हे त्याला माहीत असतं. हुद्दा लहान असला तरी पत्र भरीव होतं. कोणी तीनेक वर्षं नोकरी करून अर्ज करत असेल तर एक पत्र कंपनीतल्या वरिष्ठांचं बऱ्याच ठिकाणी चालतं, पण ते विद्यापीठागणिक बदलतं, म्हणून आधी त्या विभागाच्या पानावर बघायला सांगावं.

उत्तर दोन दिवसांच्या आत गेलं पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात नकार मिळाला तर दुसऱ्या शिक्षकाकडे तीन-साडेतीन आठवडे राहतात, तेवढे पुरतात. डिसेंबरच्या दहा तारखेला मिळाला तर तो दुसरा शिक्षकही घाईत सहा ओळीच लिहिणार, म्हणजे आपण टाळलेलं पत्र त्याच्याकडून जाणार.

दोन दिवसांनंतर.

अपेक्षित उत्तर आलं. ‘मॅडम, फॉर्मॅलिटीच आहे, मी ड्राफ्ट पाठवू का?’ हट्ट नाही, त्याला कोणीतरी असंच सांगितलेलं आहे. ही पद्धत आपल्या कॉलेजांमध्ये इतकी रुळली आहे की मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही, म्हणून रागावून लिहिलं नाही. कारण मात्र सांगितलं: पत्र शिक्षकाने स्वतः लिहिलेलं असावं अशी विद्यापीठांची अपेक्षा असते, आणि एकाच मुलाने दोन-तीन ड्राफ्ट लिहिले की शब्द, वाक्यांची ठेवण, कौतुकाचा क्रम सारखा येतो. तिन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ते दिसतं आणि मग गाइडच्या खऱ्या पत्रावरही संशय येतो. शेवटी एकच ओळ: ‘माझा निर्णय तोच आहे, प्रॅक्टिकलच्या सरांना उद्या भेट.’ दुसऱ्या उत्तरात नवी कारणं जोडू नयेत, नाहीतर प्रत्येक कारणावर वाटाघाट सुरू होते. घरच्यांचा फोन आला किंवा एखाद्या सहकाऱ्याने शब्द टाकला तरी हेच सांगायचं.

संध्याकाळी एका विद्यापीठाची लिंक मेलमध्ये येऊन पडली, त्याने नाव आधीच भरलं होतं. ती तशीच सोडून देणं हा सगळ्यात वाईट मार्ग. त्याला त्याच्या पानावर नुसतं ‘पत्राची प्रतीक्षा’ असं दिसत राहतं, आपल्याला स्मरणपत्रं येत राहतात आणि मुदत निघून जाते. बऱ्याच पोर्टल्सवर शिफारस देऊ शकत नसल्याचं कळवायची सोय असते. ती दाबली, की सहसा अर्जदारालाही तसं कळतं. दाबण्याआधी त्याला मेसेज केला, ‘लिंक आली आहे, मी नकार नोंदवते आहे, तू सरांचं नाव भर.’ ‘सर हो म्हणाले, भरतो,’ असं उत्तर आल्यावर नकार नोंदवला.

त्याने अर्ज सादर केलेला नव्हता म्हणून हे सोपं गेलं. सादर केल्यावरही काही पोर्टल्स नाव बदलू देतात, काही देत नाहीत. तिथे प्रवेश कार्यालयाला मेल करावा लागतो आणि तो अर्जदारानेच करायचा असतो.

डिसेंबरमध्ये अजून तीन-चार विनंत्या येतील. वरचं उत्तर मसुदा म्हणून ठेवलं आहे, पण नावं सुचवणारा परिच्छेद दर वेळी नव्याने लिहावा लागेल. कोणाचं प्रॅक्टिकल कोणाकडे होतं, हे ऑफिसातल्या बॅचच्या याद्यांवरून मिळतं. त्या याद्यांची प्रत उद्या मागून घ्यायची आहे.