तात्यांचे नऊ हजार

बार्शीत माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पॅन कार्ड, जे येईल ते करतो. 2023 च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, एसटीतून निवृत्त झालेले तात्या मोबाइल पुढे करत म्हणाले, "बाळा, ह्यात नऊ हजार आहेत, पण बँकेत जाईनात."

पैसे मुंबईच्या पुतण्याने टाकलेले. महिनाअखेर म्हणून त्याच्या खात्यात खडखडाट, तेव्हा त्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डवरून तात्यांच्या वॉलेटमध्ये भरले. बॅलन्स 9,000 स्पष्ट दिसत होता, पण बँकेत पाठवायचं बटण करडं पडलेलं. दाबलं की 'केवायसी पूर्ण करा' एवढंच यायचं.

कारण साधं होतं. वॉलेट उघडताना फक्त मोबाइल नंबर आणि कुठल्यातरी ओळखपत्राचा नंबर दिला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वॉलेटमध्ये कधीही 10,000 पेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही, आणि त्यातून फक्त खरेदी करता येते. बँकेत पाठवणं नाही, रोख काढणं नाही.

तात्यांच्या शेजाऱ्याने सल्ला दिला होता, वॉलेट बंद कर, पैसे परत मिळतात. मिळतात, पण जिथून आले तिथे! म्हणजे पुतण्याच्या क्रेडिट कार्डवर. त्याचं बिल तेवढं कमी झालं असतं आणि तात्यांच्या हाती बियाण्याचं पोतं आलं नसतं. शिवाय बंद करून ती रक्कम स्वतःच्या बँक खात्यात हवी असेल तर केवायसी करावीच लागते. मग आधीच केलेली काय वाईट?

व्हिडिओ केवायसीला बसलो. आधारचा ओटीपी आला, तात्यांचा चेहरा स्क्रीनवर आला, पलीकडच्या मुलीने पॅन दाखवायला सांगितलं. तात्यांनी खिशातून लॅमिनेट केलेला कागद काढला, कुणीतरी ई-पॅनची रंगीत प्रिंट करून दिलेली. ती म्हणाली, "काका, प्रिंट चालत नाही, मूळ कार्ड दाखवा." कॉल बंद. अशी प्रिंट घेऊन येणारे माझ्याकडे रोज असतात. मूळ कार्ड घरी ट्रंकेत होतं. नातू सायकलवरून घेऊन आला आणि दुसऱ्या कॉलला काम झालं. पॅनवर 'ज्ञानदेव'चं स्पेलिंग शेवटी v ने, आधारवर o ने. मला तीच धास्ती होती, पण जन्मतारीख आणि चेहरा जुळल्यावर तिने ते मान्य केलं.

संध्याकाळपर्यंत वॉलेटची मर्यादा दोन लाख झाली आणि बटण जिवंत झालं. मी 9,000 टाकले, तर 'अपुरी शिल्लक'. तात्या माझ्याकडे संशयाने बघायला लागले.

इथे बहुतेकांची गफलत होते. ही कंपनी बँकेत पाठवायला 3 टक्के घेत होती, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे पाठवलेल्या रकमेवर एकूण 3.54 टक्के, आणि ते रकमेतून कापत नव्हते, वरून लावत होते. म्हणून पाठवता येणारी रक्कम काढायला शिल्लक 1.0354 ने भागायची. 9,000 ला भागले की 8,692 बसतात, बाकीचे 308 शुल्कात. तीनशे रुपये म्हणजे तात्यांच्या रानात एका बाईची दिवसाची मजुरी.

"सगळे बँकेत कशाला हवेत?" मी विचारलं. सोयाबीनचं बियाणं आणि खत मिळून 6,200 चं घ्यायचं होतं, उरलेले मजुरांना रोख द्यायचे होते. बियाण्याच्या दुकानात क्यूआर होता. केवायसी पूर्ण झालेलं वॉलेट यूपीआयला जोडता येतं, आणि त्यातून दुकानदाराला पैसे देताना गिऱ्हाइकाला शुल्क पडत नाही. त्याच एप्रिलपासून दोन हजारांवरच्या अशा व्यवहारांना इंटरचेंज, म्हणजे दुकानदाराच्या बाजूने वॉलेट कंपनीला द्यायचं शुल्क, लागू झालं होतं आणि त्यावरून गावात बरीच अफवा उठली होती, पण ते गिऱ्हाइकाकडून घ्यायचं नसतं. तात्यांना सोबत घेऊन गेलो, क्यूआर स्कॅन केला, 6,200 बरोबर 6,200 च गेले.

राहिले 2,800. भागाकार केला, 2,704 टाकले. शुल्क 81.12, जीएसटी 14.60. 308 ऐवजी 96 च्या आत भागलं. नवीन जोडलेल्या बँक खात्यावर पैसे लगेच सोडत नाहीत, ॲपने चोवीस तास थांबायला लावलं. तात्यांना तेही खटकलं, पण फोन चोरणाऱ्याने स्वतःचं खातं जोडून वॉलेट रिकामं करू नये म्हणून तेवढा वेळ ठेवतात, हे सांगितल्यावर गप्प झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उशिरा जिल्हा बँकेचा मेसेज आला.

रात्री पुतण्याचा फोन आला. कार्डवरून वॉलेट भरताना त्याच्याकडूनही वेगळं शुल्क कापलं होतं, हे त्याला बिल बघून कळलं होतं. मी म्हटलं, पगार झाल्यावर सरळ तात्यांच्या खात्यात यूपीआय कर, आणि बियाण्याची घाई असेल तर दुकानदाराशी बोलून आठ दिवसांची उधारी घे. तो हसला. "दुकानदार तात्यांचा व्याही आहे," म्हणाला, "त्याच्याकडे उधार मागायला तात्या तयारच नाहीत."