कालचे सोबती, आजची टीम

"कालपर्यंत ज्यांच्या बरोबरीनं काम केलं, त्यांचीच आता मॅनेजर झालेय. माझी सगळ्यात जवळची मैत्रीणही याच टीममध्ये आहे. अवघडलेपण येऊ नये आणि पक्षपातही होऊ नये, यासाठी नक्की काय करायचं?"

तुम्ही मैत्रिणीचा उल्लेख केलात, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. मीही याच वाटेनं गेलेय आणि माझं मत असं झालंय, की जवळच्या माणसाशी नातं नीट मांडून घेतलं तर बाकीच्यांशी ते फार सोपं जातं.

पक्षपात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बढती, पगारवाढ आणि वर्षअखेरचं रेटिंग येतं. पण त्या गोष्टी वर्षातून एखाद्या वेळी घडतात आणि त्यावर एचआरची, आपल्या वरिष्ठांची नजर असते. खरा पक्षपात रोजच्या बारीकसारीक गोष्टींत होतो. कुणाला बातमी आधी कळते, कुणाच्या वाट्याला चांगलं काम येतं, कुणाची चूक 'होतं असं कधीकधी' म्हणून सोडून दिली जाते. यातली पहिली गोष्ट सगळ्यात घातक, कारण ती करणाऱ्याला आपण काही वावगं करतोय असं वाटतच नाही. वरिष्ठांची मीटिंग संपवून तुम्ही डोकं भणभणलेल्या अवस्थेत बाहेर येता, मैत्रीण विचारते, "काय गं, काय झालं?" आणि तुम्ही सांगून टाकता. संध्याकाळपर्यंत तिच्या चेहऱ्यावरून, एखाद्या अर्धवट वाक्यावरून बाकीच्यांना कळतं की हिला सगळं आधी ठाऊक असतं.

हे सुरू झालंय हे ओळखायची एक खूण आहे. टीममधली माणसं तुमच्याशी थेट बोलायचं सोडून तिच्यामार्फत बोलू लागतात. "माझ्या रजेचं काय म्हणेल ती, तू जरा अंदाज घे ना." असं काही कानावर आलं, तर त्या माणसाला त्याच दिवशी स्वतःहून गाठा आणि रजेचं थेट बोलून घ्या. मैत्रिणीलाही सांगा, की निरोप आणू नकोस, ज्याचा त्याला माझ्याकडे पाठव.

तिच्याशी मुख्य बोलणं मात्र त्याच्या बरंच आधी, पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं. पहिला नावडता निर्णय घ्यायची वेळ येण्याआधी. नंतर बोललात तर तो निर्णयाचा खुलासा वाटतो. मी साधारण असं म्हटलं होतं: "टीमच्या आधी तुला माझ्याकडून काही कळणार नाही. टीममधल्या कुणाबद्दल मी तुझ्याशी गप्पा मारणार नाही, तूही मारू नकोस. तुझ्या कामात काही खटकलं तर तुला सरळ सांगेन, इतरांना सांगते तसंच." आणि मग विचारलं, "यातलं तुला काय जड जाईल?" एवढं विचारून गप्प बसणं महत्त्वाचं. आपण लगेच समजावायला लागलो की समोरचा माणूस मान डोलावतो आणि मनातलं मनातच ठेवतो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी तुला आधी सांगून बसलेय त्याचं काय?" ती दुसरीकडे इंटरव्ह्यू देत होती, हे तिनं मला मैत्रीण म्हणून सांगितलं होतं. माझ्या मते हा या सगळ्यातला सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तयार ठेवूनच बोलायला बसावं. माझं उत्तर असं होतं, की आधी मैत्रीत कळलेलं मी मॅनेजर म्हणून वापरणार नाही. ते मनात धरून तुला महत्त्वाच्या कामातून वगळणार नाही आणि वरही पोचवणार नाही. पण यापुढे मला काही सांगताना मी कोणत्या खुर्चीत आहे हे लक्षात ठेव. छळाची किंवा कुणाच्या सुरक्षिततेची गोष्ट असेल, तर ती मला गुपित म्हणून ठेवता येणार नाही, पुढे न्यावीच लागेल. हे आधी सांगितलेलं असलं की पुढे विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

ऑफिसबद्दल कुरकुर करण्यासाठी सगळ्यांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप असतो, त्यातून बाहेर पडा. गुपचूप नको, तिथेच सांगून. त्यांना मॅनेजरबद्दल बोलायला जागा हवी, आणि मॅनेजर आता तुम्ही आहात.

यानंतर कामाचं वाटप. समजा, एक नवा प्रकल्प आलाय. थेट क्लायंटशी बोलायला मिळणार, त्यामुळे टीममधल्या तिघांना तो हवाय आणि त्यात तुमची मैत्रीण आहे. अशा वेळी मी नावांचा विचार करण्याआधी कागदावर लिहून काढते, की या कामाला काय लागेल: या प्रकारचं काम आधी केलेलं असणं, पुढच्या दोन महिन्यांत हात मोकळे असणं, आणि अशी संधी याआधी न मिळालेली असणं. नावं त्यापुढे. क्रम उलटा झाला तर आपलं मन आवडत्या नावाला साजेसे निकष बरोबर शोधून काढतं. इथे मैत्रीण दोन निकषांत बसते आणि दुसरा एक सहकारी तिन्हींत, तर काम त्याचं.

आता मोह होतो, की टीमला सांगण्याआधी तिच्या कानावर घालावं, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही. पण तिला एकटीला आधी सांगणं हाच पक्षपात आहे. ज्या दोघांना काम मिळालं नाही त्या दोघांनाही त्याच दिवशी, स्वतंत्रपणे, त्याच कारणांसह सांगायचं आणि मग लगेच सगळ्या टीमला. याची दुसरी बाजूही सांगते, कारण ती मी अनेक ठिकाणी पाहिलीय. पक्षपाताचा आरोप नको म्हणून काही जण मैत्रिणीला मुद्दाम मागे ठेवतात, तिच्या चुकांवर सर्वांसमोर बोट ठेवतात. तोही अन्यायच. ती तिन्ही निकषांत बसली तर काम तिलाच द्यायचं आणि कारणं तशीच उघड सांगायची.

रेटिंगच्या वेळी आठवणीवर विसंबू नका. जवळच्या माणसाचं चांगलं काम आपल्याला जास्त आठवतं, कारण ते आपण जास्त ऐकलेलं असतं. वर्षभर प्रत्येकाबद्दल सारख्याच नोंदी ठेवा आणि तिच्या रेटिंगचा मसुदा, नोंदींसह, आधी आपल्या वरिष्ठांना तपासायला द्या.

राहता राहिला तो सहकारी, ज्यानं याच पदासाठी अर्ज केला होता. असा कुणी असेल तर त्याला पहिल्याच दोन दिवसांत भेटा. "तुलाही ही जागा हवी होती हे मला माहीत आहे," असं स्पष्ट म्हणा. निवड कशी झाली यावर बोलू नका, तो निर्णय तुमचा नव्हता. पुढच्या वर्षात त्याला कोणती जबाबदारी हवीय ते विचारा आणि त्यातलं तुमच्या हातात असेल तेवढंच कबूल करा. काही जण काही महिन्यांत निवळतात, काहींना तुमच्या हाताखाली काम करणं मनापासून नकोच असतं. अशा माणसाला दुसऱ्या टीममध्ये चांगली जागा मिळत असेल तर त्याच्यासाठी स्वतः शब्द टाका आणि तो जाईपर्यंत त्याच्या कामाची नोंद इतरांइतकीच नीट ठेवा.