शिट्टी थांबली तेव्हा

गौरीपूजनाच्या दुपारी आरोग्य केंद्रात फारसं कुणी येत नाही. देवगड तालुक्यातल्या आमच्या किनारपट्टीवर त्या दिवशी सगळे चाकरमानी घरात असतात आणि ताप आला तरी लोक म्हणतात, विसर्जन होऊ दे, मग बघू. म्हणून आशाताईंचा फोन आला तेव्हाच वाटलं, काहीतरी गंभीर असणार. मुंबईहून आलेल्या एका सुनेला दम लागला होता. बाई पस्तिशीतल्या, दमा लहानपणापासूनचा. रेल्वेच्या गर्दीत सर्दी झाली आणि तिसऱ्या दिवशी छाती भरली.

आशाताईंनी फोन नवऱ्याकडे दिला. तो म्हणाला, "मॅडम, सकाळपासून पंप चालू आहे. आता जरा बरं दिसतंय. मघापर्यंत शिट्टी ऐकू येत होती, ती थांबली."

हे ऐकून मी खुर्चीतून उठलेच. दम्यात शिट्टी वाजते ती अरुंद नळ्यांमधून जोराने हवा जाते म्हणून. हवाच आत-बाहेर होईनाशी झाली तर शिट्टी वाजणार कशाने? शिट्टी थांबली आणि माणूस आरामात बोलू लागला तर ती सुधारणा. शिट्टी थांबली आणि माणूस गप्प झाला, तर ते फार वाईट लक्षण.

मी म्हटलं, "त्यांना फोन द्या, मला त्यांचा आवाज ऐकायचाय."

"डॉक्टर... मला... झोप..." एवढंच आलं. एका श्वासात एक शब्द.

मग नवऱ्याला विचारलं, पंप कधी कधी घेतला? सकाळी आठला दोन दाब, अकराला दोन, एकला दोन, आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा. ऑक्सिमीटर नसलेल्या घरात याहून चांगलं मोजमाप नाही. साल्ब्युटामॉलचा निळा पंप साधारण चार तास पुरायला हवा. तो तीन तासच पुरला तेव्हाच, म्हणजे अकरा वाजताच, दवाखान्याकडे निघायला हवं होतं. कारण हा पंप फक्त श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतो. सर्दीच्या विषाणूने नळीला आतून आलेली सूज आणि चिकट कफ त्याच्या आवाक्यात नाही. सूज उतरवायला स्टेरॉइड लागतं, आणि त्याचा परिणाम दिसायला काही तास जातात.

१०८ला आशाताईंनी फोन लावला होता, पण गणपतीत रस्ता कसा असतो ते आम्हाला ठाऊक. शेजारची ओम्नी दारात होती. ती काढायला सांगितली आणि तोवर काय करायचं ते फोनवर बोलत राहिले. त्यांना आडवं करू नका, बसवा, हात टेबलावर टेकवून किंचित पुढे झुकू दे. धूप-अगरबत्ती असलेल्या खोलीतून बाहेर आणा. गरम पाण्याची वाफ देऊ नका.

पंप त्या थेट तोंडात धरून दोन दाब एकदम मारत होत्या, असं नवऱ्याच्या बोलण्यातून कळलं. अशा धापेत दाबणं आणि ओढणं जुळत नाही. औषध टाळ्यावर बसतं. पंपाला लावून त्यातून श्वास घ्यायचा पोकळ डबा, म्हणजे स्पेसर, मुंबईला राहिला होता. पण घरात मखर केलेलं, म्हणजे कटर आणि चिकटपट्टी हाताशी. पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी, कोरडी बाटली घ्यायला सांगितली. बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडायचं, भोवती पट्टी गुंडाळायची, बाटलीचं तोंड ओठांत. पंप हलवून एकच दाब, मग बाटलीतूनच चार-सहा साधे श्वास. मग पुन्हा हलवून पुढचा दाब. असे दहा दाबांपर्यंत, गाडीत बसल्यावरही. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर या बाटलीचा रीतसर अभ्यास झालाय आणि ती विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. बाटली करायला दोन मिनिटं लागली. त्याहून जास्त लागली असती तर मी तिचा नाद सोडायला लावून गाडी आधी काढायला सांगितली असती.

केंद्रात आल्या तेव्हा ऑक्सिजन ८९, नाडी १३० च्या वर, मान खांद्यांमध्ये रुतलेली, डोळे मिटत होते. स्टेथोस्कोप पाठीवर ठेवला तर जवळजवळ शांतता. सिस्टरांनी ऑक्सिजन लावला आणि त्यावरच नेब्युलायझर सुरू केला: साल्ब्युटामॉल ५ मिलिग्रॅम, सोबत इप्राट्रोपियम. गोळी गिळायची ताकद नव्हती, म्हणून स्टेरॉइड, हायड्रोकॉर्टिसोन, शिरेतून.

वीस मिनिटांनी दुसरं नेब्युलायझेशन दिलं, तरी ऑक्सिजन नव्वदीच्या आसपासच घुटमळत होता. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनना फोन केला. ते म्हणाले, मॅग्नेशियम द्या. बाहेरच्याला नवल वाटेल, पण छोट्याशा केंद्रातही मॅग्नेशियम सल्फेट असतंच, बाळंतपणातल्या झटक्यांसाठी. लेबर रूमच्या ट्रेमधून दोन ग्रॅम काढलं, सलाइनमध्ये घालून वीस मिनिटांत सोडलं. ते जात असताना सिस्टर रक्तदाब बघत होत्या, कारण मॅग्नेशियमने तो घसरू शकतो.

साधारण तिसऱ्या नेब्युलायझेशनच्या शेवटाला छातीतून सूं-सूं आवाज यायला लागला. बाकावर बसलेल्या सासूबाई घाबरून उठल्या. "डॉक्टरानू, परत शिट्टी वाजता!"

"वाजू दे काकी, तीच हवी होती," मी म्हटलं. हवा पुन्हा नळ्यांतून जाऊ लागली होती. थोड्या वेळाने बाईंनी डोळे उघडून पाणी मागितलं, पूर्ण वाक्यात. ऑक्सिजन ९४.

तरीही १०८ आल्यावर त्यांना ओरोसला पाठवलंच. घरच्यांना ते पटेना, आता बरी आहे ना! पण नेब्युलायझरचा असर काही तासांत उतरतो आणि सूज अजून आत असते. अशा वेळी रात्री दम परत उसळतो. शिवाय गुंगी येण्यापर्यंत गेलेल्या रुग्णाला व्हेंटिलेटर जवळ असलेल्या जागीच ठेवायचं. आमच्याकडून ओरोस पावसात दीड-दोन तास, तेव्हा बरी दिसतेय तोच प्रवास करायचा. ऑक्सिजनचं नळकांडं आणि नेब्युलायझर सोबत दिले.

परतल्यावर त्या मला भेटायला आल्या तेव्हा खरी गोष्ट कळली. रोजचा स्टेरॉइडचा पंप उन्हाळ्यातच बंद केलेला. खोकला नव्हता, आणि पंपाची सवय लागते असं सासूबाई म्हणायच्या. सवय लागते ती निळ्या पंपावर निभावून नेण्याची, हे मी जरा तिखटच बोलले. रोजचा पंप चालू असता तर ती सर्दी बहुधा नाकापर्यंतच राहिली असती, निदान इतकी खोल तरी उतरली नसती.

जाताना त्यांना एका कागदावर लिहून दिलं. सर्दी झाली की रोजचा पंप चुकवायचा नाही. निळा पंप चार तासांच्या आत पुन्हा लागला तर त्याच दिवशी दवाखाना. बोलताना वाक्य तुटलं, ओठ निळसर झाले, गुंगी आली किंवा बाटलीतून दहा दाब घेऊनही आराम नाही, तर बाटली हातात ठेवून निघायचं, औषध वाटेत चालू. आणि स्टेरॉइडच्या, म्हणजे प्रेडनिसोलोनच्या गोळ्या ठरवलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण करायच्या, दोन दिवसांत मोकळं वाटलं तरी.

मग त्यांना पंप घेऊन दाखवायला सांगितलं. त्यांनी न हलवताच दाबला. पुन्हा घ्यायला लावला. तिसऱ्या खेपेला जमलं. काकींनी कागद वाचून विचारलं, "ह्यो कागद रेल्वेत घेवन जावक व्हयो मां?" म्हटलं, कागद पर्समध्ये, आणि दोन्ही पंप पण पर्समध्येच, बॅगेत तळाला नाही.